आधी वारा कुठून येतोय ते सांगा: शाळेच्या रेगाटामध्ये चोवीस मुलांना टॅक आणि जाइब शिकवताना

दिवाळीची सुट्टी संपली आणि 10 नोव्हेंबरला, सोमवारी, मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की 29 आणि 30 नोव्हेंबरला धरणावर आंतरशालेय शिडाच्या होड्यांची शर्यत आहे, म्हणजे रेगाटा, आणि आपली चोवीस मुलं जाणार आहेत. सहावी ते आठवीची. त्यातली तिघं सोडली तर कुणी शीड जवळून पाहिलेलंही नव्हतं. होडी चालवायला क्लबचे प्रशिक्षक सर शिकवणार होते, पण त्यांच्या हाती पाण्यावरचे मोजके तास. शब्द आणि नियम शाळेतच समजावून आणा, असं त्यांनी कळवलं होतं. मी भूगोल शिकवते आणि चार-पाच वर्षं सुट्टीत त्याच धरणावर शीड चालवते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

पहिला आठवडा कागदपत्रांतच गेला. प्रत्येक मुलामागे पालकांचं संमतिपत्र, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि अंगावर कपडे असताना पन्नास मीटर पोहता येतं असं पोहण्याच्या तलावावरच्या प्रशिक्षकाचं सही-शिक्क्याचं पत्र. जन्मतारीख लागते कारण मुलं ज्या ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीत बसतात ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच आहे. जेमतेम 2.3 मीटर लांब, 35 किलो वजनाची, पुढून बोथट, पेटीसारखी दिसणारी होडी. प्रवेश फी मुलामागे 1200 रुपये, त्यात दोन दिवसांचं जेवण. लाइफ जॅकेटची अनामत 300 वेगळी. पाच मुलांचं पोहण्याचं पत्र राहिलं होतं आणि तलाव दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून त्यांना दुसऱ्या तलावावर न्यावं लागलं. त्यात चार दिवस गेले. हे पत्र सगळ्यात आधी मिळवा, बाकीचे कागद एका दुपारीत होतात. जलाशयात उतरायची परवानगी आयोजकांनी काढली होती. ती 26 तारखेला संध्याकाळी हातात पडली आणि तोवर माझा जीव टांगणीला लागला होता.

13 नोव्हेंबरला मी पहिला तास घेतला. फळ्यावर होडी काढली, भाग दाखवले. शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द मुलांना ठाऊक होते. सुकाणू फिरवायचा दांडा म्हणजे टिलर, शिडाच्या खालच्या कडेला असलेला आडवा दांडा म्हणजे बूम, हेही पटकन बसलं. अडलं ते ‘शीट’पाशी. सगळ्यांना वाटलं शीट म्हणजे ते कापड. शीट म्हणजे कापड नाही, शीट म्हणजे बूमला बांधलेली दोरी, जी ओढली की शीड आत येतं आणि सोडली की बाहेर जातं. पाण्यावर सर ‘शीट सोड’ ओरडले की मुलाने नेमकी ती दोरी सोडायची असते, आणि ती वेळेवर सुटली नाही तर होडी कलंडते. म्हणून हा शब्द मी त्या तासाला वीसेक वेळा म्हणून घेतला.

मग दिशा. मी म्हटलं, समजा पूर्वेचा वारा आहे, वहीत बाण काढा. चोवीसपैकी पंधरा मुलांनी पूर्वेकडे जाणारा बाण काढला. मी भूगोलाची शिक्षिका, मला ही चूक नवी नव्हती, पण तिच्यामुळे पुढचं सगळं अडतं हे त्या दिवशी लख्ख दिसलं. पूर्वेचा वारा म्हणजे पूर्वेकडून आलेला. जसा कोकणातला पाहुणा म्हणजे कोकणातून आलेला, कोकणाकडे निघालेला नव्हे. हे सांगितल्यावर बाण फिरले.

शब्द मराठीत सांगावेत की इंग्रजीच ठेवावेत, यावर मी दोन रात्री विचार केला. पाण्यावर हाक इंग्रजीच मारतात, तेव्हा शब्द तेच ठेवायचे, पण प्रत्येकाला मराठीत एक हातात धरता येईल असा अर्थ द्यायचा असं ठरवलं. विंडवर्ड म्हणजे वाऱ्याची बाजू, जिथून वारा येतो ती. लीवर्ड म्हणजे आडोशाची बाजू. हा आडोसा शब्द मला फार उपयोगी पडला. पावसात आपण भिंतीच्या कुठल्या बाजूला उभे राहतो? आडोशाला. तशीच होडीलाही एक भिजणारी बाजू आणि एक आडोशाची. वारा फिरला की बाजूही बदलते, म्हणून डावी-उजवीसारखी ती पाठ करता येत नाही, दर वेळी शोधावी लागते.

वर्गातल्या एका मुलाचे आजोबा रेवदंड्याकडचे. तरुणपणी शिडाच्या होडीतून मासेमारीला जायचे. ते 20 तारखेला शाळेत आले आणि मैदानात मुलांना डोळे मिटून उभं केलं. “चेहरा हळूहळू फिरवा. दोन्ही कानांना वारा सारखा लागला की थांबा. आता नाक जिकडं आहे तिथून वारा येतोय.” मुलांनी डोळे उघडले तर जवळजवळ सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी. हा माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा चांगला धडा होता. आजोबांनी आणखी एक सांगितलं: नांगरलेल्या होडीकडे बघा, तिचं तोंड वाऱ्याकडे असतं. मी त्यात एवढीच भर घातली की खाडीत भरती-ओहोटीचा ओढ असला तर ही खूण फसवते, धरणाच्या संथ पाण्यात मात्र चालते.

22 तारखेच्या शनिवारी मैदानावर पाण्याविना सराव केला. चुन्याने वाऱ्याचा मोठा बाण आखला आणि बाणाच्या उगमाकडे, सरळ रेषेत वीस पावलांवर, एक निळा ड्रम ठेवला. हा बोया, म्हणजे शर्यतीत जिला वळसा घालायचा ती पाण्यावर तरंगणारी खूण. मुलांना सांगितलं, तिथे पोहोचा. सगळी सरळ धावली. त्यांना थांबवून म्हटलं, होडी असं जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा पट्टा असा असतो की त्यात शीड नुसतं फडफडतं, वारा धरत नाही. म्हणून नागमोडी जायचं. आधी वाऱ्याला 45 अंश एका बाजूला, मग वळून 45 अंश दुसऱ्या बाजूला. ते वळण म्हणजे टॅक. होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे जातं आणि शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला येतं.

आठवीतल्या एकीने विचारलं की दोन मोठी वळणं घ्यायची की दहा छोटी, कमी अंतर कशात पडेल? आम्ही ते मोजून पाहिलं. बोया सरळ वाऱ्याच्या दिशेला 200 मीटरवर असेल तर 45 अंशांनी जाताना एकूण अंतर सुमारे 283 मीटर होतं, वळणं कितीही घ्या. पायथागोरसचा चौरस आणि त्याचा कर्ण, एवढंच गणित. फरक पडतो तो वेगात, कारण प्रत्येक टॅकमध्ये शीड थोडा वेळ रिकामं होतं आणि होडी मंदावते. म्हणून नवख्याने वळणं कमी ठेवावीत.

जाइब याच्या उलट. वारा पाठीमागून घेत जाताना वळायचं, तेव्हा होडीची शेपटी वाऱ्यातून जाते. मैदानावर दोन्ही सारखंच वाटतं, पाण्यावर तसं नसतं, आणि हे मी मुलांना मुद्दाम सावकाश समजावलं. टॅकमध्ये शीड आधी फडफडतं, म्हणजे त्यातला जोर निघून जातो, आणि बूम तशी सैल पलीकडे येते. जाइबमध्ये शीड भरलेलंच असतं. वारा एका क्षणात त्याची दुसरी बाजू पकडतो आणि बूम एका काठावरून दुसऱ्या काठावर दाणकन येते. डोकं मध्ये असेल तर लागतं. आपण न ठरवता जाइब होणार असेल तर त्याची आधी चाहूल लागते: हातातली शीट अचानक ढिली पडते, शिडाची मागची कड दुमडू लागते. असं झालं की डोकं खाली आणि टिलर शिडाकडे ढकलायचा, होडी परत सुरक्षित दिशेला येते. वाऱ्याच्या बाजूला बसलेल्याने टिलर शिडाकडे ढकलला की नाक वाऱ्याकडे वळतं आणि स्वतःकडे ओढला की वाऱ्यापासून दूर. याच एका हालचालीतून पुढे टॅक किंवा जाइब होतो, म्हणून मी तीच आधी घोटून घेतली.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. त्याच दिवशी शेवटच्या वीस मिनिटांत मी एक वाक्य घाईत बोलले आणि ते नंतर फार महागात पडलं. टॅक हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक वळण्याची क्रिया. दुसरा म्हणजे होडीची स्थिती: वारा उजव्या बाजूने येत असेल तर ती स्टारबोर्ड टॅकवर, डाव्या बाजूने येत असेल तर पोर्ट टॅकवर. समोरासमोर येणाऱ्या दोन होड्या वेगळ्या टॅकवर असतील तर पोर्टवालीने बाजूला व्हायचं आणि स्टारबोर्डवाली ‘स्टारबोर्ड!’ अशी हाक देते. हे सांगून मी म्हटलं, “आपण कुठल्या टॅकवर आहोत ते कळत नसेल तर शिडाकडे बघा.” एवढंच. शीड ज्या बाजूला दिसेल त्याच्या विरुद्ध बाजूचं नाव घ्यायचं, हे अर्धं वाक्य राहून गेलं.

29 तारखेला पहाटे साडेपाचला बस निघाली. सकाळी धरणाच्या भिंतीकडून, पूर्वेकडून वारा येत होता, पाच ते सात नॉट्स, म्हणजे ताशी दहा-बारा किलोमीटर. मुलांनी उतरल्याबरोबर आजोबांसारखे कान लावले आणि बरोबर सांगितलं. आपल्या मुलांसाठी बारा होड्या होत्या, म्हणून दोन तुकड्या केल्या. सहा-सात शर्यतींचा बेत. सुरुवातीचे संकेत सरांनी तिथेच पाठ करून घेतले: पाच मिनिटं, चार, एक आणि सुरू, प्रत्येक वेळी झेंडा आणि शिट्टी.

पहिल्या शर्यतीत चार मुलं सरळ बोयाकडे नाक करून अडकली. होडी वाऱ्यात थांबते, मग मागे सरकू लागते आणि मूल घाबरून टिलर जोरात हलवतं. सरांनी बचाव-बोटीतून ओरडून सांगितलं, “बूम बाहेर ढकल, टिलर पण त्याच बाजूला ढकल!” होडी मागे जाताजाता आडवी होते, मग दोन्ही आत ओढायचं आणि निघायचं. तिसऱ्या मिनिटाला चौघं सुटली. हे आधी मैदानावर करून घ्यायला हवं होतं. पुढच्या वर्षीच्या तयारीत ते पहिलं आहे.

गडबड झाली ती दुपारी, तिसऱ्या शर्यतीत. बोयाकडे जाताना सातवीतला एक मुलगा आणि सहावीतली एक मुलगी एकमेकांच्या वाटेत आले. मी काठावरून दुर्बिणीतून पाहत होते. मुलगी उजव्या काठावर बसलेली, तिचं शीड डावीकडे. वारा उजवीकडून, म्हणजे ती स्टारबोर्ड टॅकवर, हक्क तिचा. मुलगा डाव्या काठावर, शीड उजवीकडे. तो पोर्टवर. पण ओरडला तो: “स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!” मुलगी गोंधळली. तिला आपणच चुकलो असं वाटलं आणि तिने घाईघाईने टॅक मारला, होडी वाऱ्यात अडकली, चार होड्या पुढे निघून गेल्या. तो तिसरा आला, ती नववी.

काठावर आल्यावर मी त्याला विचारलं की तू स्टारबोर्ड का म्हणालास. त्याचं उत्तर सरळ होतं: “मॅडम, तुम्ही म्हणालात शिडाकडे बघा. शीड उजवीकडे होतं.” मला काय बोलावं सुचेना. चूक त्याची नव्हती, माझ्या अर्ध्या वाक्याची होती. मी मुलीजवळ जाऊन तसं सांगितलं आणि माफी मागितली. ती रडली नाही, फक्त म्हणाली, “मग माझं बरोबर होतं ना?” हो, तुझंच बरोबर होतं.

सरांना विचारलं की आता काही करता येईल का. त्यांनी समजावलं की मुलीने तिथल्या तिथे ‘प्रोटेस्ट’ अशी हाक द्यायला हवी होती, ती दिली नाही म्हणून तक्रार ऐकता येत नाही. चूक करणाऱ्याने स्वतः पाण्यावरच लगेच दोन पूर्ण फेऱ्यांची शिक्षा घेता येते, प्रत्येक फेरीत एक टॅक आणि एक जाइब. ती वेळही गेली होती. उरतं एकच: त्याने स्वतः त्या शर्यतीतून माघार घेणं. मग त्याला होड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे 13 गुण मिळतील. इथे कमी गुणवाला पुढे असतो, पहिल्याला 1, दुसऱ्याला 2. म्हणजे तीनचे तेरा. मी मुलाला हे फक्त समजावलं, काय कर ते सांगितलं नाही. रात्री जेवणानंतर त्याने गुण लिहिणाऱ्या काकांकडे जाऊन आपला होडीचा क्रमांक आणि ‘माघार’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं. मागचे सगळे एक-एक जागा वर सरकले, मुलगी नववीची आठवी झाली.

त्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर मिठाची आणि तिखटाची बाटली होड्या म्हणून सरकवत पुन्हा सगळं केलं. तेव्हा सरांनी जी युक्ती सांगितली ती मी आधी मागायला हवी होती. बूमच्या उजव्या अंगाला हिरवी चिकटपट्टी लावायची, डाव्या अंगाला लाल. आपण वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसतो, त्यामुळे बूमचं जे अंग आपल्याला दिसतं ते वाऱ्याच्या बाजूचंच असतं. हिरवं दिसलं तर स्टारबोर्ड टॅक, लाल दिसलं तर पोर्ट. शीड कुठे आहे, त्याच्या उलट काय, काही मोजायला नको. गावातल्या दुकानातून दोन रिळं आणली, 90 रुपये. रात्री साडेनऊपर्यंत टॉर्चच्या उजेडात बाराही होड्यांना पट्ट्या लावल्या, मुलांनीच. लावण्याआधी बूम कोरडी पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच शिंतोड्यात पट्टी सुटते. आमच्या दोन सुटल्या.

रविवारी वारा वाढला, दहा-बारा नॉट्स. हक्काचा दुसरा नियम त्या दिवशी जास्त कामी आला: दोन्ही होड्या एकाच टॅकवर, शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याच्या बाजूची बाजूला होते, आडोशाची नाही. मुलांना हे अन्यायाचं वाटतं, कारण वाऱ्याची बाजू पुढे किंवा वरचढ वाटते. मी सांगितलं, वाऱ्याच्या बाजूची होडी आधीच दुसरीच्या शिडावरचा वारा अडवतेय. जिच्या वाट्याला वारा कमी आला तिलाच वर बाजूला व्हायला लावायचं का? बसथांब्यावर पंख्याखाली उभ्या राहिलेल्याने मागच्याला वाट द्यावी, तसं. हे मात्र लगेच पटलं.

बोयाला वळसा घालून परतताना दोघी जाइबमध्ये उलटल्या. दोन्ही वेळा कारण एकच: बूम पलीकडे गेल्यावर टिलर मध्यावर आणायचा राहिला, होडी वळतच राहिली आणि आडवी झाली. दोघींनी आधी सांगितल्याप्रमाणे होडी सोडली नाही, होडीच्या तळातून पाण्यात जाणाऱ्या पात्यावर उभं राहून ती सरळ केली आणि बादलीने पाणी उपसलं. एकीला अकरा मिनिटं लागली. ती शेवटची आली तेव्हा काठावरच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण तिचं लक्ष नव्हतं, ती सरांना सांगत होती की टिलर कधी मध्यावर आणायचा ते आता हातालाच कळलं.

चष्म्याला मागून इलॅस्टिक लावा, टोपीला दोरी लावा, जुने बूट घाला, कोरडे कपडे बसमध्येच ठेवा. आमच्या एका चष्म्याला इलॅस्टिक नव्हतं, तो धरणात आहे.

शेवटच्या शर्यतीत तीच मुलगी आणि आठवीतला एक मोठा मुलगा पुन्हा बोयाजवळ समोरासमोर आले. तिची नजर एकदा बूमकडे गेली. काठावरूनही ती हिरवी पट्टी दिसत होती. मग तिने मान वर करून खणखणीत आवाजात हाक दिली, आणि तो बाजूला झाला. ती पाचवी आली.

लाइफ जॅकेटच्या अनामतीसाठी सगळ्यांची सही असलेली यादी परत द्यावी लागते, तिची एक प्रत आधीच काढून ठेवा. आमचे 7200 रुपये 4 डिसेंबरला शाळेच्या खात्यात जमा झाले. हिरव्या पट्टीचं अर्धं रीळ अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.